जगन्नाथच्या निगेटिव्हचे पेढे

माझा नवरा जगन्नाथ दर तीन महिन्यांनी पेढे वाटतो. ऑफिसात वाटतो, शेजारच्या कोरियन आजोबांना देतो, आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तर खोकाच घेऊन जातो. कशाचे म्हणून कुणी विचारलं की एकच उत्तर, "रिपोर्ट चांगला आला." कसला रिपोर्ट, हे तो सांगत नाही आणि समोरच्याला पुढे विचारायची हिंमत होत नाही. अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये त्याचे अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावले आहेत. मंडळाच्या सीमावहिनींच्या मते जगन्नाथ मोठ्या आजारातून उठला आहे, म्हणून त्या त्याला नेहमी दोन मोदक जास्त वाढतात. ऑफिसातल्या लोकांना वाटतं त्याला प्रमोशन मिळतं. तीन वर्षांत बारा प्रमोशन मिळूनही माणूस त्याच खुर्चीवर बसतो, याचं त्यांना काही वाटत नाही.

तो रिपोर्ट एचआयव्हीचा असतो. निगेटिव्ह आला की पेढे.

आता मुद्द्याचं सांगते. एचआयव्ही मला आहे, त्याला नाही. माझ्याकडे तो कुठून आला हे मी इथे सांगणार नाही, कारण लोक पहिला प्रश्न तोच विचारतात आणि उत्तरावर ठरवतात की माझी कीव करायची की नाही. मला कुणाची कीव नको आहे. मी रोज एक गोळी घेते. त्या गोळीने माझ्या रक्तातला विषाणू इतका दाबून टाकला आहे की मोजायच्या मशीनला तो सापडत नाही. असा तो सतत दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे माझं म्हणणं नाही, जगभरच्या डॉक्टरांचं आहे. मी इथल्या एका सपोर्ट ग्रुपमध्ये नवीन आलेल्या बायकांना हे समजावून सांगते आणि चांगलं सांगते.

लग्न चार वर्षांपूर्वी झालं. मी चव्वेचाळीसची, तो सत्तेचाळीसचा, दोघांचंही दुसरं. लग्नाच्या साइटवर ओळख झाली तेव्हा तिसऱ्याच फोनवर मी त्याला सगळं सांगून टाकलं. एक घाव दोन तुकडे. तो म्हणाला, "मला थायरॉइड आहे." मी त्याच्याशी लग्न केलं ते या वाक्यामुळे.

मी पुण्याहून इथे आले त्यानंतर काही महिन्यांनी इन्शुरन्सचे कागद कुठेतरी अडकले, बरोबर आणलेल्या गोळ्या संपल्या आणि माझा पाच आठवडे खंड पडला. विषाणू परत वर आला. क्लिनिकने मला लगेच गोळ्या सुरू केल्या, आणि जगन्नाथला सांगितलं की बायकोचा आकडा खाली जाऊन सहा महिने तिथेच टिकेपर्यंत तुम्ही रोज एक प्रतिबंधक गोळी घ्या. तिला इथे प्रेप म्हणतात. ती निगेटिव्ह माणसाने घ्यायची असते, म्हणजे विषाणू आलाच तर त्याला आत बस्तान बसवता येत नाही.

क्लिनिक आम्ही मुद्दाम चाळीस मैल लांबचं शोधलं होतं. नदी ओलांडून, दुसऱ्या राज्यात, मराठी माणूस औषधालाही भेटणार नाही अशा ठिकाणी. पहिल्या दिवशी तपासणीच्या खोलीचं दार उघडून नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे इथे औषधं लिहून देणारी नर्स, आत आली, फाइल बघितली आणि म्हणाली, "ओ माय गॉड, तुम्ही मराठी? मी ज्ञानदा. माझे आईबाबा नागपूरचे!" जगन्नाथने माझ्याकडे असं पाहिलं, जणू नागपूर मीच तिथे आणून ठेवलं होतं.

पण ज्ञानदा खरोखर गुणी मुलगी आहे. तिने आधी त्याचं रक्त घेतलं. एचआयव्ही नाही याची खात्री, किडनीचं काम, हिपॅटायटिस बी आणि इतर दोनतीन तपासण्या. मग म्हणाली, "काका, रोज एक. पहिले काही दिवस थोडं मळमळेल, मग सेटल होतं. एखादी राहिली तर आठवली की घ्या, पण डबल नाही घ्यायची. आणि दर थ्री मंथ्स एचआयव्ही टेस्ट. टेस्ट निगेटिव्ह असेल तरच मी पुढच्या नव्वद गोळ्या देणार."

"आणि किडनी?" जगन्नाथने विचारलं.

"तुम्ही फिफ्टीच्या खाली आहात, रिपोर्ट पण छान आहे, so वर्षातून एकदा. फिफ्टीनंतर दर सहा महिन्यांनी."

जगन्नाथ डेटा सेंटरमध्ये आहे. तिथे हजारो मशीन चालू असतात, आणि एखादं बंद पडलं की बोर्डवर लाल दिवा लागतो. त्याचं काम तो दिवा लागू नये हे बघणं. अशा माणसाला रोज गोळी, तीन महिन्यांनी टेस्ट आणि वर्षातून एकदा किडनी असं वेळापत्रक मिळालं, म्हणजे त्याला अगदी स्वर्ग दोन बोटं उरला. त्याने फ्रिजवर लॅमिनेट केलेला तक्ता लावला, त्यात माझी गोळी, त्याची गोळी, तारखा, रंग. सकाळी साडेसातला फोनवर भोंगा वाजतो, अगदी कारखान्याचा. शेजारचे आजोबा त्यावर आपलं घड्याळ लावतात. रक्त द्यायला जाताना तो इस्त्रीचा शर्ट घालतो आणि बाही वर करता येईल की नाही ते घरीच करून बघतो.

माझा आकडा दोनेक महिन्यांत खाली गेला आणि खालीच राहिला. सहा महिने झाले, वर्ष झालं. ज्ञानदाने सांगितलं, "काका, आता गरज नाही. हवी असेल तर चालू ठेवा, it's your choice." जगन्नाथने चालू ठेवली.

इथे माझं डोकं फिरलं. सहा महिन्यांसाठी आलेली गोळी तीन वर्षं घरात बसली. मी ग्रुपमध्ये बायकांना सांगायचं की घाबरू नका, तुमच्यापासून नवऱ्याला धोका नाही, आणि घरी यायचं तर फ्रिजवर नवऱ्याच्या भीतीचा लॅमिनेट केलेला तक्ता. मी त्याला कितीदा म्हटलं, "तुला माझी भीती वाटते, कबूल कर." तो म्हणायचा, "अगं, असू दे ना." म्हणजे वाटते. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की माझा नवरा माझ्या शेजारी निर्धास्त झोपतो की गोळीच्या भरवशावर झोपतो.

आणि मग तो ढोल वाजवायला लागला.

इथल्या गणपतीच्या मिरवणुकीसाठी मंडळाचं ढोल-ताशा पथक आहे. पथकात सगळी पंचविशीतली पोरं आणि पथकप्रमुख चैत्राली. ती दिवसा बँकेत आकडेमोड करते आणि शनिवारी दुकानांच्या मागच्या पार्किंगमध्ये पंचेचाळीस जणांना ओरडते. जगन्नाथ तिच्याकडे पेढे घेऊन गेला होता. ती म्हणाली, "काका, रिपोर्ट इतके मस्त येतात तर मग ढोल घ्या ना!" एक्कावन्नाव्या वर्षी याने कमरेला ढोल बांधला. पहिल्या शनिवारी तो ढोलासकट बसला आणि त्याला उठवायला चौघे लागले. चैत्रालीने त्याला पांढऱ्या पावडरीचा एक डबा दिला. "यार काका, सगळे घेतात, मसल्सला ताकद येते." डब्यावर लिहिलं होतं रोज एक चमचा. जगन्नाथने हिशेब केला की पोरांच्या दुप्पट वय, तेव्हा चमचेही दुप्पट हवेत, आणि मग आणखी दोन घातले. खांदा दुखायला लागला तशा त्यावर दिवसातून तीन वेळा आयबुप्रोफेनच्या गोळ्या सुरू केल्या.

ऑगस्टमध्ये त्याची तिमाही तपासणी आली. आता पन्नाशी ओलांडलेली, म्हणून किडनीही होती. रिपोर्ट फोनवर आला तेव्हा आम्ही जेवत होतो. एचआयव्ही निगेटिव्ह. त्याने खुशीत येऊन पेढ्यांचं नाव काढलं आणि रिपोर्ट खाली सरकवला. किडनीचा आकडा, क्रिएटिनिन, एक पॉइंट सात. पुढे लाल खूण. नेहमी ते एकच्या आसपास असायचं.

त्याच्या आयुष्यात घरी पहिल्यांदाच लाल दिवा लागला होता. ताट बाजूला सारून त्याने पांढरा बोर्ड आणला, वर 'संशयित' असं लिहिलं आणि खाली यादी केली. पाणी कमी पिणे. पापड. सीमावहिनींचे मोदक. मी म्हटलं, "आणि ती पावडर?"

"ती पथकाची आहे."

"पथकाची म्हणजे पथकाच्या पोटात जाते का? आणि खांद्याच्या गोळ्या?"

"त्या खांद्याच्या," असं म्हणून त्याने मोदकांखाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानदाने बोलावून घेतलं. तिने नेहमीचे प्रश्न विचारले. काका, काही सप्लिमेंट्स? नाही. पेनकिलर? नाही. मी पर्समधून दोन्ही डबे काढून तिच्या टेबलावर ठेवले. ज्ञानदाने ते वाचले आणि कपाळाला हात लावला. तो हात अगदी नागपूरचा होता.

"काका, हे क्रिएटिन आहे. हे घेतलं की रक्तात क्रिएटिनिन वाढतंच, किडनी ठीक असली तरी. So मशीनला वाटतं किडनी बिघडली. पण आयबुप्रोफेनचं मी सीरियसली सांगते. ते रोज घेतलं, वर प्रेपची गोळी, वर उन्हात ढोल आणि पाणी नाही, तर किडनी खरंच बिघडू शकते. दोन्ही आजपासून बंद."

"आणि प्रेप?"

"तुमच्या वजनावरून कॅल्क्युलेट केलं तर किडनीचं काम छप्पन येतंय. साठच्या खाली ही गोळी आम्ही देत नाही. So ती पण होल्ड. दोन आठवड्यांनी परत ब्लड घेऊ. एक वेगळी टेस्ट पण करू, सिस्टॅटिन सी. तिला तुमची पावडर फसवू शकत नाही."

"दोन आठवडे काहीच नाही?" हे मी विचारलं. आवाज जरा चढला होता बहुतेक, कारण दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"काकू, तुम्ही तीन वर्षं अनडिटेक्टेबल आहात. काकांना हिपॅटायटिस बी नाही, so गोळी एकदम थांबवली तरी प्रॉब्लेम नाही. तुम्ही आधी जसे राहत होतात तसेच राहा."

मी मान डोलावली. मला तर आनंदच व्हायला हवा होता. तीन वर्षं जे मी ओरडून सांगत होते ते आता किडनीने करून दाखवलं होतं. आता बघू, मी मनात म्हटलं, हा माणूस गोळीशिवाय माझ्या शेजारी कसा झोपतो.

त्या दिवशी मी माझी उशी पाहुण्यांच्या खोलीत नेली, कारण जगन्नाथ घोरत होता. चौथ्या वर्षी हे माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मला बारीकसा खोकला होता. तिसऱ्या दिवशी पाठ धरली आणि पाहुण्यांची गादी कडक आहे ते बरं वाटलं. पाचव्या दिवशी मी माझा चहाचा कप वेगळा ठेवला. कपाने काही होत नाही, हे मी ग्रुपमध्ये भाषण देऊन सांगते. तोच कप मी वरच्या फळीवर, मागे, लोणच्याच्या बरणीआड ठेवला. सातव्या दिवशी क्लिनिकला फोन करून माझी तपासणी एक महिना आधी करा म्हणून सांगितलं, आणि कारण विचारलं तेव्हा म्हटलं की सहज, त्या बाजूला येणारच होते. चाळीस मैलांवर, नदीपलीकडे, सहज.

जगन्नाथ मात्र मजेत. दिवसभर पाणी पीत होता, प्रत्येक पेल्याची नोंद ठेवत होता आणि ढोलाचा ताल तोंडाने म्हणत होता. नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्याने शिरा केला. तो शिट्टी वाजवत होता. मला ते सहन झालं नाही.

"वाजव शिट्टी," मी म्हटलं. "आतून घाबरलायस ते दिसतंय मला. तीन वर्षं त्या गोळीच्या आड लपून बसलास. माझ्यावर विश्वास नव्हता ना तुझा? एकदा सरळ सांग, शरयू, मला तुझी भीती वाटते."

त्याने गॅस बारीक केला. शिऱ्यात झारा तसाच उभा होता.

"शरयू," तो म्हणाला, "गेले नऊ दिवस पाहुण्यांच्या खोलीत तू झोपतेस. मी आपल्याच खोलीत आहे."

"तू घोरतोस."

"घोरतो. पण सुरुवातीला काय व्हायचं ते आठवतं का तुला? मी गोळी गिळली की तू म्हणायचीस, जीभ वर कर. आता आ कर. बॅटरी लावून बघायचीस तू. मला वाटायचं, ही माझी काळजी घेते. मग तुझा आकडा खाली गेला, ज्ञानदा म्हणाली बंद करा, आणि मी बंद केली. चार दिवस. ते चार दिवस तू सोफ्यावर झोपलीस. म्हणालीस, टीव्ही बघता बघता डोळा लागला. पाचव्या दिवशी मी तुझ्यासमोर गोळी घेतली, आणि तू आत आलीस." त्याने कढईकडे बघितलं. "मग मी म्हटलं, ठीक आहे. एक गोळीच तर आहे."

मी त्याला म्हटलं की हे साफ खोटं आहे. सोफ्याचं काहीतरीच. टीव्ही होता, सिरीयल होती. मी तिचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि मला एकही सिरीयल आठवेना. आठवला तो सोफा, आणि सोफ्यावर पडून मी ऐकत असलेला आतल्या खोलीतला त्याचा श्वास. हा माणूस माझ्यामुळे आजारी पडला तर, एवढा एकच विचार. ग्रुपमधल्या तीस बायकांना मी सांगितलं होतं की घाबरू नका. तीसच्या तीस जणींचा माझ्यावर विश्वास बसला होता. एकटी मी सोडून.

मी रडले. खूप रडले, आणि रडता रडता त्याला शिव्याही दिल्या, की तीन वर्षं मला भांडू का दिलंस, मी तुला भित्रा म्हणत होते आणि तू ऐकून घेत होतास.

"भांडताना तू बरी असायचीस," तो म्हणाला. "तेव्हा तुला वाटायचं भीती माझी आहे."

शिरा करपला होता. आम्ही तो तसाच खाल्ला.

दोन आठवडे भरले तशी परत नदी ओलांडली. इस्त्रीचा शर्ट, वर केलेली बाही, सगळं झालं. दोन दिवसांनी ज्ञानदाने दोघांना समोर बसवून रिपोर्ट वाचला. क्रिएटिनिन एक पॉइंट शून्य. ती दुसरी टेस्टही स्वच्छ. किडनी शाबूत होती, बिघडलं होतं ते फक्त डोकं. एचआयव्ही निगेटिव्ह. मी लवकर करून घेतलेली माझी तपासणीही आली होती. मशीनला काही सापडलं नव्हतं.

"So काका, किडनीच्या दृष्टीने प्रेप परत सुरू करू शकता. करायची?"

जगन्नाथने माझ्याकडे बघितलं. ज्ञानदाने ते पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काका, गोळी तुमची आहे. डिसिजन तुमचं."

"मला कधीच नको होती," जगन्नाथ म्हणाला. "पण हिला लागत असेल तर मी घेईन. मला काही त्रास नाही."

खोलीत एसीचा आवाज येत होता. घे, असं म्हणणं फार सोपं होतं. नव्वद गोळ्या, तीन महिने, आणि मग परत नव्वद.

"ज्ञानदा," मी म्हटलं, "ते एकदा सांग. मी लोकांना सांगते ते. मला सांग."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि शाळेतल्या मुलीला सांगावं तसं एकेक शब्द सांगितला. "काकू, तुम्ही रोज गोळी घेताय. व्हायरस दबलेला आहे. तुमच्याकडून काकांना सेक्समधून एचआयव्ही होण्याचा चान्स झीरो आहे. कमी नाही. झीरो. दर सहा महिन्यांनी तुमचं ब्लड आपण बघणारच. तुमच्या गोळ्यांमध्ये गॅप पडला तर त्याच दिवशी मला फोन करा, आपण काकांची परत सुरू करू. पण आज झीरो."

"आज झीरो," मी म्हटलं.

"मग नको," जगन्नाथ ज्ञानदाला म्हणाला. ज्ञानदाने कॉम्प्युटरवर काहीतरी बंद केलं आणि आम्ही निघालो.

घरी पोचलो तेव्हा एक वाजला होता. वरणभात खाल्ला. जगन्नाथ सुट्टीच्या दिवशी जेवणानंतर आडवा होतो तसा आत जाऊन आडवा झाला. मी भांडी घासली, मग घासलेली भांडी परत घासली. मग ओट्यावर पुसण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा जाऊन आमच्या खोलीच्या दारात उभी राहिले. त्याला जाग होती की नाही कोण जाणे. डोळे मिटलेले होते. डोळे न उघडताच तो भिंतीकडे सरकला आणि अर्धा पलंग रिकामा झाला.

मला भीती वाटत होती. आत गेले, त्याच्या शेजारी पडले आणि त्याचा हात अंगावर ओढून घेतला.